ट्रॉलीभर कांद्याचे त्रेचाळीस लाख : कॅल्क्युलेटरचे उत्तर पटण्याजोगे आहे का, हे मुलांना कसे कळावे?

उन्हाळी कांद्याच्या हंगामात आमच्या आठवीच्या वर्गातील एका मुलीने घरची हिशोबपट्टी वहीत घालून आणली होती. तिचे वडील निफाड तालुक्यातले शेतकरी असून कांदा लासलगावच्या बाजार समितीत नेतात. पट्टीवर वजन होते २३ क्विंटल ५ किलो आणि भाव होता क्विंटलला १,८७० रुपये. हमाली आणि तोलाई वजा होण्याआधीची रक्कम किती, एवढेच काढायचे होते. मुलांनी कॅल्क्युलेटर वापरले आणि फळ्यावर तीन उत्तरे आली : ४३,१०,३५० रुपये, ४३,९४५ रुपये आणि ४३,१०३ रुपये ५० पैसे.

पहिले उत्तर देणाऱ्या मुलाला मी म्हटले, "अरे, एका ट्रॉलीचे त्रेचाळीस लाख?" त्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला आणि शांतपणे सांगितले, "मॅडम, यात तेवढंच आलंय." पट्टी आणणारी मुलगी मात्र हसत सुटली. "एवढ्यात आमचा बंगला होईल," ती म्हणाली. तिला गुणाकार त्या मुलापेक्षा अधिक चांगला येत होता असे नाही. ट्रॉलीचे पैसे किती येतात हे तिला घरात ऐकून ठाऊक होते, आणि म्हणून पडद्यावरचा आकडा तिला खटकला. ज्या मुलाच्या घरी कांदा नाही, त्यालाही असा आकडा खटकावा यासाठी काय करावे लागते, तेवढ्यापुरताच हा लेख आहे.

## यंत्र चुकत नाही, मग उत्तर का चुकते?

पालक हा प्रश्न हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. कॅल्क्युलेटर गुणाकारात चुकत नाही. आपण त्याला जे दिले त्याचेच तो उत्तर देतो. वरच्या उदाहरणात पहिल्या मुलाने २३ क्विंटल ५ किलोचे २,३०५ किलो केले, जे बरोबरच आहे, परंतु भाव क्विंटलचा आहे हे तो विसरला आणि त्याने २,३०५ ला थेट १,८७० ने गुणले. उत्तर शंभरपट झाले. दुसऱ्याने क्विंटलच हिशेबात धरले, पण "२३ क्विंटल ५ किलो" हे २३.५ असे टाकले. शंभर किलोंचा एक क्विंटल असल्याने ५ किलो म्हणजे ०.०५ क्विंटल, तेव्हा टाकायला हवे होते २३.०५. त्याच्या २३.५ मध्ये ५ किलोंचे ५० किलो झाले.

यात आणखी एक अडचण आहे, ती डोळ्यांची. अनेक मोबाइलांवर स्वल्पविराम पाश्चात्त्य पद्धतीने, म्हणजे तीन-तीन अंकांनंतर पडतो. त्यामुळे ४३,१०,३५० ही संख्या पडद्यावर ४,३१०,३५० अशी दिसते. लाख आणि हजार यांच्या आपल्या जागा तिथे नसल्यामुळे मूल आकडा वाचतच नाही. ते अंक एकामागून एक उतरवून घेते.

खिशातले कॅल्क्युलेटर येण्याआधी, म्हणजे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, अभियंते स्लाइड रूल नावाची सरकपट्टी वापरत. ती पट्टी उत्तराचे अंक दाखवी, पण दशांशचिन्ह कुठे द्यायचे ते सांगत नसे. "चार-तीन-एक" एवढे तिने सांगितले, तर ते ४.३१ की ४३,१०० हे वापरणाऱ्याने मनाशी ठरवायचे. अदमास करणे हा त्या कामाचा न टाळता येणारा भाग होता. कॅल्क्युलेटरने दशांशचिन्हही जागेवर ठेवून दिले आणि ती गरज दिसेनाशी झाली.

## अदमास म्हणजे काय?

अदमास म्हणजे "अंदाजपंचे दाहोदरसे" नव्हे. तुक्का मारणाऱ्याला आपले उत्तर असे का, हे सांगता येत नाही. अदमास करणाऱ्याला ते सांगता आले पाहिजे. दिलेल्या संख्यांऐवजी त्यांच्या जवळच्या, तोंडी हिशेबाला सोप्या संख्या घ्यायच्या आणि त्यांचा हिशेब करायचा, एवढाच त्याचा अर्थ. अशा संख्यांना या लेखात "सोयीच्या संख्या" म्हणू.

आपल्या पट्टीवर २३.०५ ऐवजी २० घेऊ आणि १,८७० ऐवजी २,०००. वीस दुणे चाळीस आणि तीन शून्ये, म्हणजे ४०,०००. इतके केले की त्रेचाळीस लाख तिथल्या तिथे बाद होतात. यानंतर दुसरी पायरी येते, आणि वर्गात ती जवळपास नेहमीच गाळली जाते, ती म्हणजे दिशा पाहण्याची. आपण वजन खाली ओढले आणि भाव वर नेला. एक खाली, एक वर, तेव्हा दोन्ही चुका काही अंशी एकमेकींना खातात आणि ४०,००० हे खऱ्या उत्तराच्या बऱ्यापैकी जवळ असायला हवे. तेच दोन्ही संख्या वर नेल्या असत्या, म्हणजे २५ आणि २,००० घेतले असते, तर ५०,००० आले असते आणि खरे उत्तर त्याहून कमीच असणार हे खात्रीने सांगता आले असते. दोन्ही खाली ओढल्या, २० आणि १,८००, तर ३६,००० येतात आणि खरे उत्तर त्याहून जास्तच असणार. याप्रमाणे मुलाच्या हाती एक कुंपण येते : छत्तीस हजार ते पन्नास हजार. पडद्यावरचा आकडा कुंपणाबाहेर गेला, तर बटणे दाबण्यात किंवा समजण्यात काहीतरी चुकले आहे.

## "पाच किंवा पुढे असेल तर वर" हा नियम पुरेसा का नाही?

शाळेत आपण संख्येची आसन्न किंमत काढायला शिकवतो : अंक पाच किंवा त्याहून मोठा असेल तर वर, लहान असेल तर खाली. आपले अंतिम उत्तर दहाच्या किंवा शंभराच्या पटीत मांडायचे असेल तर तो नियम योग्य आहे. अदमासासाठी मात्र तो कधी कधी अडचण करतो, विशेषतः भागाकारात.

समजा, वनभोजनाला ६२ मुलांच्या नाश्त्याचे ३,४७० रुपये झाले आणि प्रत्येकी किती ते काढायचे आहे. नियमाप्रमाणे ३,४७० चे ३,५०० होतात आणि ६२ चे ६०. आता ३,५०० भागिले ६० हे तोंडी कोण करणार? मूल इथे अडकते आणि कॅल्क्युलेटर उचलते. त्याऐवजी ३,४७० चे ३,६०० केले, तर ते नियमात बसत नाही, पण साठाने छत्तीसशेला भाग सरळ जातो आणि ६० येतात. पाढ्यात बसणारी जोडी शोधणे हे इथे खरे कौशल्य आहे.

दिशेचा विचार भागाकारात उलटा होतो, हेही इथे दाखवता येते. ज्याला भागायचे ती रक्कम आपण वाढवली, त्याने उत्तर वाढले. ज्याने भागायचे ती संख्या आपण ६२ वरून ६० केली, म्हणजे वाटेकरी कमी केले, त्यानेही उत्तर वाढलेच. दोन्ही बदल एकाच बाजूला गेले, म्हणून खरे उत्तर साठाहून कमी असले पाहिजे. ते साधारण ५६ रुपये येते. "वाटेकरी कमी झाले की वाटा वाढतो" हे मुलांना भाकरीच्या वाटणीवरून चटकन कळते; "छेद लहान झाला की अपूर्णांक मोठा होतो" हेच वाक्य सांगून पाहिले, तर अर्धा वर्ग हरवतो.

## चुकीचे उत्तर कुंपणाच्या आत असेल तर?

आता फळ्यावरचे दुसरे उत्तर पाहू. ४३,९४५ हे छत्तीस आणि पन्नास हजारांच्या मध्येच आहे. कुंपणाने ते अडवले नाही, आणि तरीही ते चूक आहे. घरात धान्य चाळायची चाळण वेगळी असते आणि पिठाची वेगळी. धान्याच्या चाळणीत खडे राहतात, पण बारीक कोंडा खाली पडतोच. अदमासाचेही तसेच आहे, आणि कोणत्या चाळणीतून काय निसटते हे मुलांना सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

बारीक चाळणीसाठी वजनाचे दोन तुकडे करायचे : पूर्ण क्विंटल आणि वरचे किलो. २३ क्विंटलचे १,८७० प्रमाणे किती? तेवीस गुणिले एकोणीसशे म्हणजे ४३,७००. त्यातून तेवीस गुणिले तीस, म्हणजे ६९० वजा केले की ४३,०१० उरतात. हे तोंडी जमत नसेल तर कागदावर करायला हरकत नाही. आता वरचे ५ किलो. क्विंटलला १,८७० म्हणजे किलोला एकोणीस रुपयांच्या आत, आणि ५ किलोचे शंभर रुपयांच्या आत. तेव्हा एकूण रक्कम ४३,०१० च्या पुढे पण ४३,११० च्या आत असायला हवी. ४३,१०३ रुपये ५० पैसे यात बसतात. ४३,९४५ बसत नाहीत, कारण तिथे पाच किलोंसाठी नऊशेहून अधिक रुपये लागले आहेत.

दोन्ही उत्तरांमधला फरक ८४१ रुपये ५० पैशांचा आहे, म्हणजे बरोबर ४५ किलो कांद्याची किंमत. ही चूक नाशिक जिल्ह्यातच अधिक पाहायला मिळते असे माझे आपले मत आहे, कारण इथल्या मुलांच्या कानावर "तेवीस क्विंटल पाच" असेच शब्द पडतात आणि "तेवीस पॉइंट पाच" ते त्याला अगदी जवळचे वाटतात. ५ मिनिटे म्हणजे ०.५ तास नव्हे, ५ सेंटिमीटर म्हणजे ०.५ मीटर नव्हे, ही त्याच चुकीची भावंडे आहेत.

## शेकड्याचे बटण

दुकानात उभे राहून करायचा हिशेब बहुधा शेकड्याचा असतो, म्हणून एक उदाहरण त्याचे घेतो. ५०० रुपयांच्या वस्तूवर १८ टक्के जीएसटी लावायचा आहे. सामान्य मोबाइलवर ५०० + १८% असे टाकले की ५९० येतात. टेबलावर ठेवायच्या काही साध्या कॅल्क्युलेटरांवर मात्र हीच बटणे याच क्रमाने दाबली की ६०९.७५ च्या आसपास आकडा दिसतो. यंत्र बिघडलेले नसते. त्या यंत्रात ते बटण नफा ठेवून विक्रीची किंमत ठरवण्यासाठी बसवलेले आहे. विक्रीच्या किमतीचे १८ टक्के काढून घेतल्यावर ५०० उरावेत, अशी किंमत ते शोधते, म्हणजे ५०० ला ०.८२ ने भागते.

इथे नुसता अदमास उपयोगी पडत नाही. १८ चे २० टक्के धरले तर ५०० वर १०० वाढून ६०० होतात, आणि ५९० व ६०९ हे दोन्ही त्याच्या जवळच आहेत. पण दिशा पाहिली की निकाल लागतो. आपण १८ चे २० केले, म्हणजे वर नेले. तेव्हा खरे उत्तर ६०० च्या आतच असले पाहिजे. ६०९ त्याच्या पुढे गेले, तेव्हा ते बाद. अदमास करताना आकड्याशेजारी "याहून कमी" किंवा "याहून जास्त" असे लिहून ठेवायला मी का सांगते, ते मुलांना या उदाहरणावरून सर्वांत लवकर पटते.

## आधी कॅल्क्युलेटर आणि मग अदमास, असे का चालणार नाही?

कारण पडद्यावरचा आकडा एकदा दिसला की अदमास त्याच्याकडे सरकतो. रॉबर्ट रेज या अमेरिकेतील गणितशिक्षणाच्या अभ्यासकाने आपल्या सहकाऱ्यांसह १९८० च्या सुमारास अदमासात तरबेज असलेल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. त्यांना आधी अदमास करायला सांगून मग तोच हिशेब एका कॅल्क्युलेटरवर करायला दिला. तो कॅल्क्युलेटर मुद्दाम चुकीची उत्तरे देईल असा केलेला होता आणि चूक टप्प्याटप्प्याने वाढत जाई. स्वतःचा अदमास बरोबर असूनही त्यांतील बऱ्याच जणांनी यंत्राविषयी शंका बोलून दाखवली नाही. तयारीच्या माणसांचे असे होते, तर आठवीच्या मुलाने यंत्राचेच खरे मानले यात नवल नाही.

म्हणून आमच्या वर्गात अदमास आधी, पेनाने आणि दिशेसह लिहायचा असतो. पेन्सिल चालत नाही, कारण पेन्सिलीचा अदमास मागाहून हळूच "सुधारला" जातो. वहीत ओळ अशी दिसते : "४०,०००, एक खाली एक वर, जवळपास", आणि मगच कॅल्क्युलेटर हातात घ्यायचा. अदमासाला गुण नाहीत आणि तो खऱ्या उत्तरापासून लांब राहिला म्हणून कुणी रागावतही नाही. तो लिहिलाच नसेल, तर मात्र उदाहरण तपासले जात नाही.

तरीही एक पळवाट उरतेच. मुले आधी अचूक उत्तर काढतात आणि मग त्याची आसन्न किंमत काढून तो "अदमास" म्हणून लिहितात. ओळखण्याची खूण सोपी आहे : अदमास फार चांगला येतो. ४३,१०३ साठी कुणी ४३,१०० असा अदमास लिहिला असेल, तर तो अदमास नाही. ही पळवाट बंद करण्यासाठी मी कधी कधी उत्तर काढायला सांगतच नाही. चार हिशेब उत्तरांसह फळ्यावर लिहिते, त्यांपैकी एक-दोन मुद्दाम चुकवते आणि कॅल्क्युलेटर दप्तरात ठेवून चुकीचे कोणते ते कारणासह सांगायला लावते. अचूक उत्तर तिथे कुणी मागतच नसल्यामुळे ते लपून काढण्याचे कारणही राहत नाही.

## परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, मग हा खटाटोप कशासाठी?

आपल्या दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नेता येत नाही, हे खरे आहे. पण हाताने केलेल्या गुणाकारातही शून्य सुटते आणि दशांशचिन्ह सरकते, आणि त्यासाठीही हीच चाळणी लागते. वेळेचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. पहिले काही आठवडे एका उदाहरणाला खरोखरच दुप्पट वेळ लागतो, आणि तो कुठून काढायचा हे प्रत्येक शिक्षकाला स्वतःलाच ठरवावे लागते. मी रोज एकच उदाहरण घेते, तास सुरू होताना.

## बरोबर उत्तरच मुलाला चूक वाटले तर?

असेही घडते. ६ लिटर तेल पाव लिटरच्या बाटल्यांत भरायचे, तर बाटल्या किती? मूल ६ भागिले ०.२५ करते, पडद्यावर २४ दिसतात आणि ते गोंधळते, कारण भागल्यावर संख्या कमी होते असे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. ०.४८ ला ६२ ने गुणून २९.७६ आले, तेव्हाही तसेच. गुणल्यावर वाढायला हवे होते. इथे बिघाड अदमासात नसून एकाहून लहान संख्यांच्या समजुतीत आहे. ०.४८ म्हणजे जवळजवळ अर्धा आणि ०.२५ म्हणजे पाव, असे वाचायची सवय लागली की ०.४८ गुणिले ६२ म्हणजे "बासष्टच्या अर्ध्याहून थोडे कमी" असे मूल आपणहून म्हणते, आणि ३१ च्या आतले उत्तर त्याला खटकत नाही.

## जुनी नवाची कसोटी पुरणार नाही का?

आजोबांच्या पिढीतील अनेकांना ती येते : अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत जायची आणि दोन्ही बाजू जुळतात का ते पाहायचे. हाताने केलेल्या गुणाकारातील चूक ती बऱ्याचदा पकडते. पण जास्तीचे शून्य तिला दिसत नाही, कारण शून्याने अंकांची बेरीज बदलत नाही. दशांशचिन्ह कुठे आहे याच्याशी तिचा संबंध नाही. आणि १,८७० ऐवजी १,७८० टाकले तरी अंक तेच राहिल्यामुळे ती मुकाट राहते. बटणे दाबताना नेमक्या याच चुका जास्त होतात.

अंकांच्या अदलाबदलीपुढे अदमासही पूर्ण टिकत नाही, हे कबूल केले पाहिजे. १,७८० प्रमाणे आपल्या पट्टीचे ४१,०२९ रुपये होतात, म्हणजे २,०७४ रुपये ५० पैसे कमी, आणि ही रक्कम आपल्या कुंपणात आरामात बसते. बटणे दाबताना अदलाबदल झाली असेल, तर बारीक चाळणी ती पकडते, कारण पूर्ण २३ क्विंटलचेच ४३,०१० होतात. परंतु पट्टी वाचतानाच १,८७० चे १,७८० झाले असतील, तर अदमास आणि कॅल्क्युलेटर दोन्ही एकाच चुकीच्या आकड्यावर चालतात आणि एकमेकांशी छान जुळतात. म्हणून आमच्याकडे पट्टी एकजण मोठ्याने वाचतो, दुसरा बटणे दाबतो, आणि दाबून झाल्यावर दुसरा पडद्यावरचे आकडे पट्टी न पाहता परत वाचून दाखवतो. त्या वेळी पहिल्याने डोळे पट्टीवर ठेवायचे असतात. तो पडद्याकडे पाहू लागला, की वाचन पुन्हा पहिल्यापासून.